शिक्षकांच्या मुलाखतींचं थीमॅटिक अ‍ॅनालिसिस : माझ्या थीम परत आल्यात, मदत हवी

निळी_शाई

नमस्कार मंडळी. प्रबंधासाठी मी नऊ शिक्षकांच्या मुलाखती घेतल्यात. विषय असा की मुलांच्या वह्या तपासताना शिक्षक नेमकं काय करतात आणि त्या तपासण्याकडे ते स्वतः कसं बघतात. एकेक मुलाखत ३५ मिनिटांपासून तासाभरापर्यंतची, सगळं मीच ऐकून टाइप केलं, दीडशेच्या आसपास पानं झाली.

मग पूर्ण मजकूर दोनदा वाचला, नंतर ओळीओळीने कोड दिले, म्हणजे त्या ओळीत काय म्हटलंय त्याला छोटं नाव, ते २१२ झाले. सारख्या अर्थाचे एकत्र करून ५८ वर आणले आणि त्यांचे गट पाडून चार थीम केल्या: वेळेची कमतरता, तपासण्याच्या पद्धती, पालक व वरिष्ठांच्या अपेक्षा, मुलांचा प्रतिसाद. प्रत्येकीखाली पाच-सहा कोट टाकले. गाईडनी चॅप्टर परत पाठवला आणि वर एकच ओळ लिहिली, "ही तुमच्या प्रश्नावलीची अनुक्रमणिका आहे, यात थीम कुठे आहेत?"

मला खरंच कळत नाहीये काय चुकलं. थोडा नमुना देते:

"थीम १ : वेळेची कमतरता. बहुतेक शिक्षकांनी तपासण्यासाठी वेळ पुरत नसल्याचे सांगितले. 'वेळच मिळत नाही हो, मुलं किती आहेत बघा ना.' – शि३. 'वेळ कुठे असतो.' – शि७. यावरून वेळेची कमतरता ही मोठी अडचण असल्याचे दिसते."

कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, पंधरा दिवसांत परत द्यायचंय.

आकडेवाला

तुमच्याकडे विश्वासार्हता दाखवणारं काहीच नाहीये, गाईड त्यामुळे नाखूष असणार. सगळे कोड एकटीने दिलेत, उद्या दुसरं कुणी दिले तर वेगळेच येतील. दुसरा कोडर घ्या, दोन-तीन ट्रान्सक्रिप्ट त्याच्याकडून स्वतंत्रपणे कोड करून घ्या, दोघांचे कोड किती जुळतात याचा कोहेनचा कप्पा नावाचा आकडा काढा, तो ०.७ च्या वर आला की कुणी बोट ठेवू शकत नाही. आणि "बहुतेक शिक्षकांनी" हे काढा, सरळ लिहा ९ पैकी ७. शेवटी एक टेबल द्या, कुठला कोड किती वेळा आला याचं. वाचणाऱ्याला लगेच समजतं.

फळा_खडू

अगं निळी_शाई, वेळ सगळ्यांनाच कमी पडतो, मी २२ वर्षं शिकवतेय. माझी पद्धत सांगते, रोज एका रांगेच्याच वह्या घ्यायच्या, सगळ्या वर्गाच्या एकदम घ्यायच्याच नाहीत. आठवड्यात सगळ्यांच्या होतात. आणि शुद्धलेखनाच्या चुका फक्त अधोरेखित करायच्या, बरोबर शब्द आपण लिहायचा नाही, मूल स्वतः शोधतं. त्या शि३ बाईंना सांग, नक्की फरक पडेल.

निळी_शाई

फळा_खडू ताई, थँक्यू, पण मला शिक्षकांना सल्ला द्यायचा नाहीये, त्यांचं बोलणं समजून घेऊन लिहायचंय. तुमची ती रांगेची पद्धत एका शिक्षिकेनेही सांगितली होती मात्र.

आकडेवाला, दुसरा कोडर मिळवणं अवघड आहे पण बघते. टेबल मी केलं होतं, तेही गाईडनी खोडलं.

पानगळ

तुमच्या गाईडचं बरोबर आहे आणि कप्पा काढून ते सुटणार नाही. दोन माणसांनी अगदी शंभर टक्के एकमत करून "वेळेची कमतरता" हाच कोड दिला तरी तो विषयच राहतो, त्याची थीम होत नाही.

तुमच्या चार मथळ्यांपैकी कुठलाही घ्या आणि स्वतःला विचारा की पहिली मुलाखत घ्यायच्या आधी मला हा मथळा लिहिता आला असता का. वेळ, पद्धती, अपेक्षा, प्रतिसाद, चारही लिहिता आले असते, कारण तुमच्या प्रश्नांचे हेच विषय होते. म्हणजे तुम्ही जे केलंय ते उत्तरांची प्रश्नवार वाटणी आहे. शि३ आणि शि७ दोघी "वेळ" हा शब्द वापरतात म्हणून एका खणात गेल्या, पण वेळ नाही म्हणून त्या काय करतात, काय सोडतात, कशाला आधी धरतात यात त्या एकमेकींच्या उलट असू शकतात आणि तो फरक तुमच्या खणात दिसतच नाही. थीम म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या शब्दांत बोलल्या गेलेल्या गोष्टींमागचा एकच अर्थ, आणि तो पूर्ण वाक्यात सांगता आला पाहिजे. "वेळेची कमतरता" हे वाक्यच नाही.

माझा अंदाज असा की गडबड थीमच्या पायरीवर झालेली नाही, त्याआधी कोड देतानाच झालीय. एखाद्या ट्रान्सक्रिप्टमधल्या दहा-बारा ओळी जशाच्या तशा इथे द्या, आणि त्यांना तुम्ही काय कोड दिले होते तेही.

शांत_वाचक

देण्याआधी एक विचारतो, ट्रान्सक्रिप्ट अशी उघड्यावर टाकायची परवानगी आहे का तुमच्याकडे? नाव काढलं तरी बोलण्याच्या लकबीवरून ओळखीचे लोक ओळखतात.

निळी_शाई

हो, संमतीपत्रात उतारे ओळख बदलून वापरता येतील असं आहे. शिवाय जिथे एखादा प्रसंग ओळखू येईल असा होता तो उतारा घेत नाहीये. हा शि४ चा:

प्रश्न : तपासताना वहीत काय लिहिता?
शि४ : लिहिते म्हणजे... खरं सांगू का, छान, सुधारणा हवी, असंच काहीतरी. सगळ्या पानांवर लाल दिसलं पाहिजे ना. एखादं पान कोरं राहिलं की लगेच विचारतात, हे बघितलं नाही का.
प्रश्न : कोण विचारतं?
शि४ : घरचे विचारतात. वरून वह्या मागवतात तेव्हा तेही विचारतात. मूल नाही विचारत. मूल पान उलटतं आणि पुढे जातं.
प्रश्न : मग मुलाला त्याची चूक कळते कशी?
शि४ : ते मी वर्गात फिरताना सांगते, त्याच्या बाकावर बसून. ते कुठे वहीत दिसणार. ते कुणाला दाखवता येत नाही.

माझे कोड : शेरे लिहिणे, पालकांचा दबाव, वरिष्ठांची तपासणी, मुलांचे दुर्लक्ष, तोंडी मार्गदर्शन.

पानगळ

फार चांगला उतारा आहे हा. आता वरचा उतारा हाताने झाका आणि फक्त तुमचे पाच कोड वाचा. बाई काय म्हणाल्या ते कळतं का? "तोंडी मार्गदर्शन" वाचून मला वाटेल की त्या तोंडी मार्गदर्शनाची स्तुती करतायत. पण त्या म्हणतायत की मी जे खरं शिकवते त्याचा पुरावा राहत नाही आणि ज्याचा पुरावा राहतो त्याने मूल शिकत नाही. हे तुमच्या कोडमधून गळून पडलं. एकदा कोडमधून गेलं की पुढे गट पाडताना ते कुठूनच परत येत नाही, कारण गट पाडताना तुम्ही कोडच बघता, मूळ ओळी बघत नाही.

मी असे देईन. "सगळ्या पानांवर लाल दिसलं पाहिजे" याला : शाई म्हणजे बघितल्याचा पुरावा. "कोरं राहिलं की लगेच विचारतात" : कोरं पान म्हणजे शिक्षकावर ठपका. "मूल नाही विचारत" : ज्याची वही तोच शेऱ्याचा वाचक नाही. "ते कुणाला दाखवता येत नाही" : खरं शिकवणं कागदाबाहेर राहतं. कोड लांब झाले तर होऊ द्या, सुरुवातीला लांबच बरे. त्यात क्रियापद असलं की बहुतेक वेळा अर्थ टिकतो.

आता हे चार शेजारी ठेवून बघा. चारही एकाच बाजूला कलतायत, की शेरा मुलासाठी लिहिलेलाच नाही, तो वही बघायला येणाऱ्या मोठ्या माणसासाठी आहे. ही झाली थीमची पहिली कच्ची कल्पना, "लाल शाई बघणाऱ्यासाठी असते". आणि गंमत बघा, यात तुमचे चारही जुने मथळे येतात. पालक आहेत, पद्धत आहे, मुलांचा प्रतिसाद आहे, आणि वेळही असणार, कारण पान लाल करण्यात जो वेळ जातो तो बाकावर बसण्यातून कापला जातो. जुन्या मांडणीत या गोष्टी चार पानांवर चार तुकड्यांत पडल्या होत्या.

हे अजून सिद्ध झालेलं नाही हं. एका बाईंच्या दहा ओळी आहेत. बाकीच्या आठ जणांकडे ही कल्पना घेऊन परत जायचं, आणि ती कुठे मोडते तेच आधी शोधायचं.

आकडेवाला

मला हे पटत नाहीये. "लाल शाई बघणाऱ्यासाठी असते" हे शि४ म्हणाल्याच नाहीत, हे तुम्ही म्हणताय. अशाने कुणीही काहीही थीम काढेल. म्हणून तर दोन कोडर लागतात.

पानगळ

बरोबर, ते वाक्य माझंच आहे आणि ते माझं आहे असंच लिहिलं पाहिजे. माझा "मुलाखतींमधून पुढील थीम समोर आल्या" या वाक्याला विरोध आहे तो याचसाठी. थीम काही मजकुरात दडून बसलेल्या नसतात, त्या वाचणारा तयार करतो. ब्राउन आणि क्लार्क या दोघींनी २००६ च्या त्यांच्या लेखात तिसऱ्या पायरीला थीम शोधणे म्हटलं होतं, पुढे त्यांनीच ते बदलून थीम तयार करणे असं केलं, शोधणे म्हटलं की त्या आधीपासून पडलेल्या आहेत असं वाटतं म्हणून.

कप्पाबद्दल. आधी कोडची पक्की यादी करायची, प्रत्येक कोडची व्याख्या लिहायची आणि दोघं ती सारखी लावतायत का हे मोजायचं, असं काम करणारी एक वेगळी रीत आहे, तिथे कप्पा शोभतो. निळी_शाई यांनी ओळीओळीने मोकळे कोड दिलेत, त्यांची रीत ती नाही. तिथे आकडा लावला तर पद्धतीच्या चॅप्टरमध्ये एक आणि विश्लेषणात दुसरंच असं होईल.

पण तुमच्या शंकेत तथ्य आहे, आपल्याला हवं तेच दिसतंय का हे तपासायला काहीतरी हवंच. माझ्या मते ती तपासणी म्हणजे मूळ मजकुराकडे परत जाणं, आणि दुसऱ्या कुणाला तरी कोट दाखवून "तुला यात काय ऐकू येतं" असं विचारणं. त्यातून एकमत होईलच असं नाही, पण तुमचं वाचन कुठे घाईचं होतं ते कळतं.

निळी_शाई

पाच दिवस गायब होते, नऊच्या नऊ ट्रान्सक्रिप्टना नव्याने कोड दिले. एका ट्रान्सक्रिप्टला साधारण तीन तास लागले. या वेळी कोड संपूर्ण वाक्यात, आणि प्रत्येकासमोर मूळ ओळीचा नंबर ठेवला, म्हणजे परत जाता येतं. १४० झाले. कागदाच्या चिठ्ठ्या करून जमिनीवर मांडल्या.

शाईची थीम सहा जणांत सापडली. दोघांत अगदी उलट दिसतंय, शि२ आणि शि८, ते दोघं म्हणतात की वही वाचतानाच मला मूल कळतं. शि२ चं वाक्य असं: "वर्गात तो एक शब्द बोलत नाही. वहीत बघितलं तर गणित चुकलंय पण बाजूला खोडून खोडून तीन वेळा प्रयत्न केलाय. ते मला फक्त वहीतच दिसलं." आणि यातले तीन कोड तर शि४ कडेही आहेत, म्हणजे त्याच बाई एका जागी शाई दाखवण्यापुरती म्हणतात आणि वीस मिनिटांनी म्हणतात, "वह्या घरी नेल्या नाहीत तर मुलं कुठे अडली ते मला कळणार नाही". म्हणून दुसरी थीम केली, "वही वाचताना मूल भेटतं".

पहिल्या थीमचा मसुदा देते, मोकळेपणाने सांगा:

"शिक्षकांच्या बोलण्यात वहीतला शेरा हा मुलाशी केलेला संवाद म्हणून क्वचितच येतो. तो बहुतेक वेळा काम केल्याचा पुरावा म्हणून येतो. 'एखादं पान कोरं राहिलं की लगेच विचारतात,' असं शि४ सांगतात, आणि विचारणाऱ्यांमध्ये मूल नसतं हे त्या आवर्जून नोंदवतात. पुरावाच द्यायचा असेल तर मजकुराची गरज उरत नाही, खूण पुरते. शि७ म्हणतात, 'मी नुसती सही करते, तारीख टाकते, झालं.' इथे सही ही चुकीबद्दल काही सांगत नाही, ती फक्त शिक्षिका तिथे येऊन गेल्याचं सांगते..."

पानगळ

जमीन-आस्मानाचा फरक आहे. आता कोट काढून टाकला तर परिच्छेद पडतो, आधीच्या नमुन्यात कोट काढले असते तरी काही बिघडलं नसतं. आधी तुम्ही दावा करून त्याखाली कोट चिकटवत होता, आता कोटमधल्या शब्दावर बोलताय. शि४ चं "मूल नाही विचारत" मात्र परिच्छेदात त्यांच्याच शब्दांत येऊ द्या, तुमच्या शब्दांत सांगितल्याने ते मऊ झालंय.

फळा_खडू

मला एक सांगायचंय, राग मानू नकोस. त्या शि७ बद्दल तू लिहिलंस ते मला लागलं. मीही सही आणि तारीखच टाकते बहुतेक पानांवर. पण ती कुणाला दाखवायला नाही गं. तारीख नसेल तर मलाच कळत नाही की मागच्या वेळी मी कुठपर्यंत आले होते, आणि मुलं मागची सोडलेली पानं नंतर भरून आणतात, तारीख असली की कळतं की हे तेव्हा नव्हतं. ती खूण माझ्यासाठी असते. वर कोण बघतंय याचा विचारही मनात येत नाही त्या वेळी. तू "झालं" या शब्दावरून ठरवलंस का की त्या बाई पाट्या टाकतायत?

निळी_शाई

ताई, राग कसला. मी लगेच शि७ चं ट्रान्सक्रिप्ट उघडलं. त्या ओळीनंतरचं देते, हे मी कोटमधून कापलं होतं:

"मी नुसती सही करते, तारीख टाकते, झालं. नाहीतर पुढच्या वेळी कळत नाही ना कुठून बघायचं. आणि काही जण मागचं नंतर लिहून आणतात, मग मला वाटतं माझंच बघायचं राहिलं."

तुम्ही म्हणालात तेच आहे जवळजवळ. पहिली थीम माझ्या डोक्यात इतकी पक्की बसली होती की मी "झालं" वर थांबले आणि पुढचं वाक्य कोडमध्ये घेतलंच नाही. रेकॉर्डिंग पण परत ऐकलं, "झालं" त्या अगदी साधेपणाने म्हणतात, कंटाळून नाही. कागदावर ते कंटाळल्यासारखं वाचलं जातं.

मग "सही" आलेल्या सगळ्या जागा परत काढल्या, अकरा आहेत. प्रत्येकीच्या आधीच्या आणि नंतरच्या पाच-पाच ओळी वाचल्या. सात जागी खरंच कुणाला तरी दाखवण्याचा संबंध आहे. चार जागी नाही, तिथे शिक्षक स्वतःसाठी खूण ठेवतायत. शि७ च्या दोन, शि३ ची एक, शि८ ची एक. म्हणजे शि७ ला मी पहिल्या थीममध्ये ज्या दोन जागांवर मोजलं होतं त्या दोन्ही गेल्या. आता सहा नाही, पाच जण उरले.

पानगळ

फळा_खडू ताईंनी जे केलं ते कुठल्याही कप्पाने झालं नसतं. दोन कोडरनी त्या कापलेल्या ओळीला "सही म्हणजे पुरावा" असाच कोड दिला असता आणि एकमत छान आलं असतं.

कोट कुठे कापायचा हा विश्लेषणाचाच भाग आहे. माझी सवय अशी की कोट निवडला की त्याच्या वर आणि खाली अर्धं पान वाचायचं आणि कापलेल्या भागाने अर्थ फिरतो का ते बघायचं. फिरत असेल तर तो भाग कोटमध्ये ठेवायचा, लांबी वाढली तरी. थीम आवडायला लागली की हे जास्त काळजीने करायचं, कारण छोटा, टोकदार कोट हाताशी लागला की तो सोडवत नाही.

या चार जागांचं काय करताय?

निळी_शाई

तेच कळत नाहीये. "खूण स्वतःच्या आठवणीसाठी" अशी तिसरी थीम करू का? तीनच शिक्षक आहेत, चारच उतारे. का दुसऱ्या थीममध्ये घालू, कारण त्यातही शिक्षक स्वतःसाठीच वही वाचतायत?

आकडेवाला

चार उताऱ्यांवर थीम नको. ९ पैकी ३ म्हणजे फारच थोडे.

पानगळ

संख्येवरून मी नाही म्हणणार नाही. ही मोकळी मुलाखत होती, सहीबद्दल सगळ्यांना प्रश्न विचारलाच नव्हता. उरलेले सहा जण सहीच्या या उपयोगाबद्दल बोलले नाहीत याचा अर्थ ते तसं करत नाहीत असा होत नाही, त्यांना कुणी विचारलं नाही इतकाच होतो. "९ पैकी ३" लिहिलं की वाचणारा उरलेल्या सहांना नकार देणारे समजतो. म्हणून मला ते टेबल खटकतं.

पण थीम उभी राहायला तिच्यात थोडी खोली लागते, तिच्याबद्दल दोन-तीन पानं सांगण्यासारखं असावं लागतं. इथे मला ते अजून दिसत नाही. दुसऱ्या थीममध्ये कोंबू नका मात्र, मूल भेटणं आणि आपली जागा लक्षात ठेवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मी असतो तर पहिल्या थीमच्या आतच हे मांडलं असतं, तिची मर्यादा म्हणून. तीच सही, तीच तारीख, पण काहींच्या हातात ती वरच्याला दाखवायची खूण असते आणि काहींच्या हातात स्वतःची. त्याने पहिली थीम मोडत नाही, उलट ती कुठपर्यंत खरी आहे ते कळतं.

आकडेवाला

प्रश्न विचारला नव्हता हा मुद्दा मान्य. पण परीक्षक "किती जण" असं विचारणारच आणि "काहींच्या" असं उत्तर देऊन भागणार नाही. निदान कुठल्या थीमला कुठल्या शिक्षकांचे उतारे आहेत याची यादी परिशिष्टात ठेवा. टक्केवारी नको, फक्त यादी. त्यात अजून एक कळेल, एकाच बोलक्या शिक्षकाचे कोट सगळीकडे येतायत का ते.

पानगळ

हे चांगलं आहे, यादी ठेवा.

निळी_शाई

केली यादी. आणि आकडेवाला, तुमचा शेवटचा मुद्दा खरा निघाला. माझ्या मसुद्यात एकूण १९ कोट होते, त्यातले आठ एकट्या शि४ चे. त्या सुंदर बोलतात म्हणून दर वेळी माझा हात तिकडेच जात होता. शि१ आणि शि६ चा एकही नव्हता. शि६ तुटक बोलतात, पण परत वाचलं तर एका जागी आहे, "बघितल्यासारखं दिसायला हवं. बघितलेलं असो नसो." तेरा-चौदा मिनिटं हो-नाही अशी उत्तरं आणि मग हे. शि४ चे तीन कोट काढून हा घेतला.

शांत_वाचक

यादी करताना एवढं बघा की शिक्षकाचा विषय, अनुभवाची वर्षं, शाळेचा प्रकार हे तिन्ही एकत्र देऊ नका. नऊच माणसं आहेत, तिन्ही जुळवले की ज्यांना तुम्ही कुठे मुलाखती घेतल्या ते माहीत आहे त्यांना माणूस सापडतो. आणि शि६ यांचं ते वाक्य त्यांच्या वरिष्ठांच्या वाचनात गेलं तर काय होईल याचा विचार करा.

निळी_शाई

हं. विषय आणि वर्षं काढते सगळीकडून. शि६ बद्दल मला रात्री झोप नाही लागायची आता, त्यांना फोन करून हे वाक्य वापरू का असं स्पष्ट विचारते. नाही म्हणाल्या तर काढेन.

फळा_खडू

फोन करणारच आहेस तर शि७ ना पण विचार ना की तुमच्या सहीचा मी असा अर्थ लावलाय, बरोबर का. मला विचारलंस म्हणून कळलं, त्यांना विचारलंस तर अजून नीट कळेल. सगळ्यांनाच थीम दाखव.

पानगळ

परवानगी विचारणं वेगळं आणि थीम बरोबर आहे का हे विचारणं वेगळं. दुसरं मी सहसा करत नाही. शि४ ना "तुमचे शेरे बघणाऱ्यासाठी असतात" असं दाखवलं तर कुणीही माणूस म्हणेल, नाही हो, मी मुलांसाठीच लिहिते. मग तुम्ही काय करणार, थीम काढणार? त्या दिवशी आपोआप बोलल्या ते जास्त खरं की आज सावरून बोलतायत ते?

फळा_खडू

त्या सावरूनच बोलतील असं कशावरून? माझ्याबद्दल कुणी असं लिहून छापणार असेल तर मला आधी कळलंच पाहिजे. माझं बोलणं आहे ते. तुम्ही अर्थ लावताय तो चुकतो हे आत्ताच आपण बघितलं ना.

पानगळ

हे मला सरळ खोडता येत नाही ताई. सहीच्या बाबतीत तुम्हीच बरोबर होता.

निळी_शाई

मी मधला रस्ता काढतेय. शि७ ना फक्त तो सहीचा उतारा पूर्ण वाचून दाखवणार आणि विचारणार की यात तुम्हाला अजून काही सांगायचंय का. त्या जे बोलतील ते नवा मजकूर म्हणून तारखेसह नोंदवेन, जुन्या ट्रान्सक्रिप्टमध्ये मिसळणार नाही. बाकीच्यांचं अजून ठरलं नाही, गाईडशी बोलावं लागेल.

पानगळ

चालेल. एकच राहिलं, शि४ चा शेवटचा कोट, "ते कुणाला दाखवता येत नाही", तुम्ही मसुद्यात प्रश्नाशिवाय दिलाय. त्याआधी तुम्ही विचारलं होतं, "मग मुलाला त्याची चूक कळते कशी?" त्या "मग" मध्ये थोडी टोचणी आहे. त्या बाकावरचं बोलल्या ते तुमच्या टोचणीला उत्तर म्हणून बोलल्या असतील. वाचणाऱ्याला ते दिसलं पाहिजे.

निळी_शाई

बापरे, हे लक्षातच आलं नव्हतं. परत ऐकलं, माझा सूर खरंच तसा आहे. प्रश्नासकट टाकलाय आता, आणि खाली दोन ओळी लिहिल्यात की मी स्वतः चार वर्षं शिकवलंय, मलाही वह्यांवर लाल करण्याचा राग होता आणि तो या प्रश्नात उतरलाय. शि२ आणि शि८ ना असा "मग"वाला प्रश्न मी विचारलाच नव्हता, ते दोघं वह्यांबद्दल प्रेमाने बोलतात त्याचं एक कारण हेही असेल का ते बघतेय. दोन्ही ट्रान्सक्रिप्टमधले फक्त माझे प्रश्न वेगळे काढून वाचायला घेतलेत.